द्राक्षबागेतला प्रयोग: विरळणी कोणी केली, ते आधी विचारा

प्रश्न: मी नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. असाइनमेंटमध्ये ही घटना होती: 'एका शेतकऱ्याने एक एकर द्राक्षबागेच्या पश्चिमेकडच्या 12 ओळींवर समुद्री शेवाळाच्या अर्काचं टॉनिक फवारलं. पूर्वेकडच्या 12 ओळींवर काहीच फवारलं नाही. काढणीच्या वेळी टॉनिक विकणाऱ्या प्रतिनिधीने दोन्हीकडचे 200-200 मणी मोजले. सरासरी व्यास 18.2 आणि 17.1 मिमी आला. निष्कर्ष: टॉनिकने मणी फुगतो. त्रुटी सांगा, आराखडा सुधारा.' मी लिहिलं: नमुना लहान आहे, रँडम नाही, ब्लाइंडिंग नाही, डबल ब्लाइंड करावं. 10 पैकी 3 मिळाले. वेलींना प्लासिबो काय देणार? माझं चुकलं कुठे?

उत्तर:

तुमच्या चार मुद्द्यांपैकी पहिला चुकीचा आहे. बाकीचे तीन बरोबर आहेत, पण ती नुसती नावं आहेत. तपासणाऱ्याला हवं होतं ते असं: टॉनिकमध्ये नुसतं पाणीच आहे असं धरून चाला. तरीही हा 1.1 मिमीचा फरक कोणत्या वाटेने आला असता? ती वाट एका वाक्यात सांगता आली, तर ती त्रुटी. नाही सांगता आली, तर तो नुसता शब्द. मी वीस वर्षं द्राक्ष आणि कांद्याच्या चाचण्या आखते आहे. कोणाचाही अहवाल हातात आला की मी हेच करते. आधी औषधाला शून्य धरते आणि मग बागेत फिरून फरक कुठून आला असेल ते शोधते.

पहिली वाट जमिनीची. पश्चिमेकडच्याच ओळी का निवडल्या हे घटनेत दिलेलं नाही, आणि तिथेच थांबायला हवं होतं. आपल्याकडे एका एकरातसुद्धा जमीन सारखी नसते. नाल्याच्या बाजूला काळी आणि खोल, तर दुसऱ्या टोकाला हातभर खाली मुरूम. ठिबकच्या नळीच्या शेवटच्या वेलींना पाणी कमी पडतं. शेतकरी स्वतः जागा निवडतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतंच. महागाचं औषध आहे म्हणून चांगल्या वेलींवर मारतो, किंवा वेली अशक्त आहेत म्हणून त्यांनाच देतो. पहिल्या बाबतीत औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल, दुसऱ्या बाबतीत वाईट. दिलेल्या माहितीवरून यातलं काय झालं ते ठरवता येत नाही, आणि उत्तरात तसंच लिहायचं. चिठ्ठी टाकून वाटणी केली की जमिनीतले फरक नाहीसे होत नाहीत, पण ते कोणाच्या बाजूने पडतील हे माणसाच्या हातात राहत नाही. प्रयोगात वाटणी नशिबावर सोडायची ही पद्धत शेतातूनच आली. रोनाल्ड फिशर यांनी ती 1920च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतांवरच्या चाचण्यांसाठी घडवली. रोग्यांवरच्या औषधचाचण्यांत ती नंतर रुळली.

आता 'नमुना लहान' हा मुद्दा. सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. शितावरून भाताची परीक्षा करतात हे आपल्याला ठाऊक आहे. एका पातेल्यातली चार शितं चेपून पाहिली की ते पातेलं कळतं. आता दोन प्रकारचे तांदूळ दोन पातेल्यांत, दोन चुलींवर शिजवले आणि एक भात मऊ झाला. दोन्हीतली दोनशे-दोनशे शितं चेपून पाहिली, तर पहिलं पातेलं मऊ आहे हे अगदी नक्की कळेल. पण ते तांदळामुळे की चुलीमुळे, हे दोन हजार शितं चेपूनही कळणार नाही. या बागेत पातेली दोनच आहेत, पश्चिम आणि पूर्व. टॉनिक मण्यांना एकेक करून दिलेलं नाही, 12 ओळींच्या पट्ट्याला एकत्र दिलेलं आहे. त्यामुळे प्रयोगाचं एकक पट्टा आहे, मणी नाही. एका बाजूला एक एकक आणि दुसऱ्या बाजूला एक. जी गोष्ट वाटली तीच मोजणीत एक धरायची. 200 मणी धरून टी-टेस्ट लावली तर पी-व्हॅल्यू देखणी येईल, पण ती चुलीचा आणि तांदळाचा फरक एकत्रच मोजत असेल. 'नमुना लहान'ऐवजी 'पुनरावृत्ती नाही, दर गटात एकच एकक आहे' असं लिहिलं असतं तर त्याला नक्की गुण मिळाले असते.

पूर्वेकडे काहीच फवारलं नाही, ही दुसरी वाट. टॉनिकबरोबर पाणी गेलं, बहुधा फवारा पानाला चिकटवणारं स्टिकरही गेलं, आणि पंप घेऊन माणूस त्या ओळींतून चार वेळा फिरला. फिरताना त्याने वाळलेला घड काढला असेल, गळकं ठिबक नीट केलं असेल. म्हणून नियंत्रण गटालाही त्याच दिवशी, तितकंच पाणी आणि तेच स्टिकर मारायचं, फक्त अर्क घालायचा नाही. बाकीचं वेळापत्रक, म्हणजे मणी वाढवणाऱ्या जीए या संप्रेरकात घड बुडवणं, खतं, बुरशीनाशकं, दोन्हीकडे तंतोतंत एक ठेवायचं. शेतकऱ्याचा खरा प्रश्न 'माझ्या नेहमीच्या कामात हे टॉनिक वाढवलं तर काही जास्तीचं मिळेल का' असा असतो. नियंत्रण गट त्या प्रश्नाला जुळणारा हवा.

आता तुमचा प्लासिबोचा प्रश्न. वेलीला आशा लागत नाही, त्यामुळे वेलीसाठी प्लासिबो नको हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण बागेत वेल एकटी नसते. मण्याचा आकार सगळ्यात जास्त कशाने बदलतो? जीए, गर्डलिंग म्हणजे खोडाची साल गोल काढणं, आणि विरळणी. मणी लहान असताना बायका कात्री घेऊन घडातले जास्तीचे मणी काढतात. जितके जास्त काढाल तितकी उरलेल्यांना जागा आणि अन्न मिळतं. कोणता घड किती विरळ करायचा हे शेवटी त्या हातांवर असतं.

मी हे पुस्तकात वाचून शिकले नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात दिंडोरीच्या बाजूला एका बागेत अशीच चाचणी होती. वाटणी चिठ्ठ्या टाकून केली होती, नियंत्रण गटाला पाणी होतं, भागही पुरेसे होते. फक्त औषधाच्या वेलींना ओळखीसाठी लाल फीत बांधली होती. काढणीला फरक चांगला आला, तेव्हा खात्रीसाठी मी घडातले मणी मोजायला घेतले. लाल फितीच्या घडांत मणी स्पष्टपणे कमी भरत होते. विरळणीच्या टोळीतल्या एका मावशींना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "मालकांनी सांगितलं होतं ना, लाल फितीची बाग औषधाची आहे, तिथं हात जपून चालवा. म्हणून तिथं आम्ही निवांत, नीट केलं." त्यांनी काम मन लावून केलं होतं. पण आम्ही औषधाच्या नावाखाली चांगली विरळणी मोजली होती. त्या हंगामाचे सगळे आकडे मला बाजूला ठेवावे लागले.

म्हणून ब्लाइंडिंगबद्दल लिहिताना 'डबल ब्लाइंड' हा शिक्का मारायचा नाही. कोणाला काय कळलं तर आकडा कसा हलेल, हे माणूस घेऊन लिहायचं. या बागेत अशी तीन माणसं आहेत. विरळणी करणारी टोळी, जी कळलं तर जास्त मणी काढेल. पाणी आणि खत सोडणारा मालक, जो औषधाच्या ओळींचा व्हॉल्व्ह जरा जास्त वेळ चालू ठेवेल. आणि कॅलिपर हातात घेतलेला माणूस. घडाच्या खांद्यावरचे आणि शेंड्याकडचे मणी सारखे नसतात. त्यातला कोणता मणी कॅलिपरमध्ये धरायचा हे मोजणाऱ्याच्या मनावर सोडलं, तर त्याचा हात त्याला हव्या त्या मण्याकडे जातो, त्याला स्वतःला न कळता. इथे तर मोजणारा माल विकणाराच होता. तो खोटं बोलला असं म्हणायची गरज नाही. प्रामाणिक माणसाकडूनही हेच होतं. तिन्ही वाटा एकाच दिशेला जातात, टॉनिकच्या बाजूने. ही दिशा लिहिलीत की उत्तराला वजन येतं.

कधी कधी सगळ्यांनाच अंधारात ठेवणं शक्य नसतं, आणि तेही चालतं. 1948 साली ब्रिटनमधून क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. 107 रोगी होते, 55 जणांना औषध आणि अंथरुणात विश्रांती, 52 जणांना फक्त विश्रांती. औषध दिवसातून चार वेळा टोचावं लागे, तेही महिनोनमहिने. दुसऱ्या गटाला इतकी नकली इंजेक्शनं टोचणं संशोधकांना योग्य वाटलं नाही, म्हणून ती दिली नाहीत. पण छातीचे एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञांना कोणता फोटो कोणत्या गटातला हे सांगितलं नव्हतं. जिथे मत चालतं तिथे पडदा टाकला. तुमच्या बागेतही हेच तत्त्व लावा. फवारणाऱ्याला अर्काचा रंग आणि वास कळणारच. त्याच्यावर पडदा टाकायच्या खटपटीत पडू नका, फक्त त्याला विरळणीपासून आणि मोजणीपासून लांब ठेवा.

मी हा आराखडा असा दुरुस्त करीन. बाग 24 ओळींची आहे, ओळीत 40 वेली धरू. साधारण नऊ बाय पाच फुटांवर लावलेला एक एकर एवढाच भरतो. ओळी उत्तर-दक्षिण आहेत आणि जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे बदलते असं समजू. पश्चिमेकडून तीन-तीन ओळींचे आठ पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्टा मधोमध तोडून दर ओळीतल्या उत्तरेच्या 20 वेलींचा एक आणि दक्षिणेच्या 20 वेलींचा एक असे दोन भाग करायचे. झाले 16 भाग, म्हणजे आठ जोड्या. जोडीतले दोन्ही भाग एकाच पट्ट्यात असल्यामुळे काळी-मुरमाची भानगड दोघांना जवळपास सारखीच. आता प्रत्येक जोडीसाठी एकदा नाणं उडवायचं. छापा पडला तर उत्तरेला टॉनिक, काटा पडला तर दक्षिणेला. संगणकावर करायचं असेल तर आर मध्ये एवढं पुरे:

```
set.seed(2024)
for (b in 1:8) cat(b, sample(c("T","C")), "\n")
```

संगणकावर छापून येणाऱ्या दर ओळीत पट्ट्याचा क्रमांक, मग उत्तरेला काय आणि दक्षिणेला काय ते येतं. T म्हणजे टॉनिक, C म्हणजे पाणी. आलेली वाटणी आवडली नाही म्हणून पुन्हा चालवायचं नाही. पहिली आली ती लिहून लिफाफ्यात बंद करायची आणि बागेत न येणाऱ्या माणसाकडे द्यायची.

तीन ओळींचा भाग का? फवारा शेजारच्या ओळीवर उडतो. म्हणून मोजायचं फक्त मधल्या ओळीवर, आणि तिथेही दोन्ही टोकांच्या दोन-दोन वेली सोडून. उरल्या 16 वेली. त्यातल्या पाच चिठ्ठीने निवडायच्या, प्रत्येकीवरचे चार घड आधीच टॅग लावून ठरवायचे, आणि घडातले पाच मणी कुठले तेही कागदावर ठरवून ठेवायचं: खांद्याचा एक, मधले तीन, शेंड्याचा एक. हे सगळं नाणं उडवायच्या आधी करायचं. फवारणी पाठीवरच्या पंपाने करावी. ट्रॅक्टरच्या ब्लोअरने करायची असेल तर हा आराखडा चालणार नाही. त्याचा फवारा लांब जातो आणि अर्ध्या ओळीत औषध बदलणंही कठीण, त्यामुळे भाग मोठे आणि मधली मोकळी जागा जास्त ठेवावी लागेल.

ब्लाइंडिंगसाठी लिफाफा सांभाळणाऱ्यानेच प्रत्येक भागाची वेगळी बाटली भरून द्यायची, 1 ते 16 क्रमांक टाकून. अर्धी मुलं इथे 'अ औषध आणि ब औषध' असं लिहितात. त्यात धोका आहे. एका भागात 'अ म्हणजे टॉनिक' हे कोणी ओळखलं की आठही जोड्या एका क्षणात उघड्या पडतात. सोळा वेगळे क्रमांक असले तर एक जोडी फुटली तरी बाकीच्या सात झाकलेल्या राहतात. अर्कामुळे पानावर डाग दिसतो का हे प्रयोगाबाहेरच्या दोन-चार वेलींवर आधी फवारून, वाळू देऊन पाहायचं. आणि पडदा टिकला का ते तपासायचं. काढणीनंतर विरळणीवाल्यांना आणि मोजणाऱ्याला प्रत्येक भागाबद्दल विचारायचं, 'इथे काय मारलं असेल?' 16 पैकी आठ-नऊ बरोबर आले तर ते अंदाज आहेत. चौदा-पंधरा बरोबर आले तर पडदा फाटलेला होता, आणि तसं अहवालात लिहायचं.

मोजून काय करायचं ते एका उदाहरणावरून पाहू. दर भागाच्या 100 मण्यांची सरासरी काढा. ती त्या भागाची एकच संख्या. मग जोडीतल्या टॉनिकच्या भागातून पाण्याचा भाग वजा करा. समजा आठ फरक मिमीमध्ये असे आले: 0.6, 0.3, −0.1, 0.5, 0.2, 0.4, −0.2, 0.3. बेरीज 2.0, सरासरी 0.25. आता पुन्हा औषधाला शून्य धरा. टॉनिक काहीच करत नसेल तर प्रत्येक फरकाचं चिन्ह फक्त नाण्याने ठरलेलं आहे. आठ नाणी, म्हणजे 2 चा आठवा घात, 256 शक्यता, सगळ्या सारख्याच. यातल्या किती शक्यतांत बेरीज 2.0 किंवा जास्त येते? सगळी चिन्हं अधिक असती तर बेरीज 2.6 झाली असती. बेरीज 2.0च्या खाली जाऊ द्यायची नसेल तर उणे होणाऱ्या फरकांची बेरीज 0.3 किंवा कमी असायला हवी. हे आठच प्रकारे जमतं: एकही उणे नाही हा एक प्रकार, एकटा 0.1, दोन 0.2 आणि दोन 0.3 मिळून एकेकटे पाच, आणि 0.1 बरोबर एखादा 0.2 असे दोन. म्हणजे 256 पैकी 8. उलट दिशेचेही धरले, आणि धरायला हवेतच कारण टॉनिकने नुकसानही होऊ शकतं, तर 16. सोळा भागिले 256 म्हणजे 0.0625. नुसतं नाणं उडवून असा आकडा सोळा हंगामांत एकदा दिसला असता. शंकेला जागा आहे, पण पुरावा अगदी पोकळ नाही. आणि फरक पाव मिलिमीटर आहे, 1.1 नव्हे. त्यातून टॉनिकचा खर्च निघतो का, हा हिशेब वेगळा करावा लागेल.

हीच मोजणी मूळ घटनेला लावून पाहा. तिथे जोडी एकच. नाणं उडवलं असतं तरी शक्यता दोनच झाल्या असत्या, आणि काही परिणाम नसतानाही दोनपैकी एकदा टॉनिक पुढे दिसलंच असतं. मण्यांची संख्या 200 वरून 2000 केली तरी हे दोनाचे तीन होत नाहीत. हा परिच्छेद तुमच्या उत्तरपत्रिकेत असता तर निम्मे गुण तिथेच मिळाले असते.

'रँडम नाही' या शब्दांत तुम्ही दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या सोडवून घ्या. यादृच्छिक वाटणी म्हणजे हातातल्या भागांपैकी कोणाला टॉनिक हे नाण्याने ठरवणं. त्यामुळे फरकाचं कारण टॉनिक आहे असं म्हणता येतं. यादृच्छिक निवड म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या बागांतून चिठ्ठीने काही बागा घेणं. त्यामुळे निष्कर्ष इतर बागांना लावता येतो. माझ्या आराखड्यात पहिली आहे, दुसरी नाही. म्हणून उत्तर फक्त या बागेचं, या जातीचं, या हंगामाचं. निफाडच्या काळ्या जमिनीबद्दल बोलायचं असेल तर तिथल्या बागा घ्याव्या लागतील. मग एका बागेत आठ जोड्या घेण्यापेक्षा दहा बागांत दोन-दोन जोड्या घेतलेल्या बऱ्या, आणि तिथे बाग हाच गट धरायचा.

शेवटचं, गारपिटीचं. नाशिकला काढणीच्या तोंडावर गारा पडणं नवीन नाही, आणि परीक्षक 'माहिती गहाळ झाली तर?' असं हमखास विचारतो. आधी लिहून ठेवायचं: टॅग लावलेल्या 20 घडांपैकी निम्म्याहून जास्त फुटले तर तो भाग बाद, आणि त्याच्याबरोबर त्याची जोडीही बाद. हे ठरवताना लिफाफा बंदच असला पाहिजे. एकदा वाटणी कळली की मार लागलेला पाण्याचा भाग ठेवून मार लागलेला टॉनिकचा भाग वगळायला नेहमीच काहीतरी चांगलं कारण सापडतं.